तक्त्यात पहिला, आलेखात तळाला

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले सर्वांत जास्त लोक ठाणे जिल्ह्यात होते. पालघर तेव्हा ठाण्यातच होता. तो वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. ठाण्यामागून पुणे, मग मुंबई उपनगर, नाशिक, नागपूर, अहमदनगर म्हणजे आजचं अहिल्यानगर, आणि सातवं सोलापूर. हा क्रम एक्सेलच्या तक्त्यात असा दिसेल:

| जिल्हा | लोकसंख्या, लाखांत |
|---|---|
| ठाणे | ११०.६ |
| पुणे | ९४.३ |
| मुंबई उपनगर | ९३.६ |
| नाशिक | ६१.१ |
| नागपूर | ४६.५ |
| अहमदनगर | ४५.४ |
| सोलापूर | ४३.२ |

मथळे पहिल्या ओळीत आणि आकडे B2 पासून B8 पर्यंत. यावरून उभ्या स्तंभांचा आलेख काढला, तर ‘मुंबई उपनगर’सारखी नावं स्तंभाखाली मावत नाहीत. एक्सेल ती तिरकी करतं आणि वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते. म्हणून असे आलेख बहुतेक जण आडव्या पट्ट्यांचे काढतात. नावं डावीकडे सरळ वाचता येतात, पट्टे उजवीकडे धावतात.

पण आडवा आलेख उमटतो तेव्हा सोलापूर सर्वांत वर असतं, त्याखाली अहमदनगर, मग नागपूर, आणि सर्वांत लांब पट्ट्याचं ठाणे पार तळाला. आकडे बरोबर, नावं बरोबर, फक्त यादी खालून वर. शेजारी तक्ता छापायचा असेल, तर वाचणाऱ्याची नजर तक्त्यात खाली उतरते आणि आलेखात वर चढते. दोन्हींचा मेळ लावत बसावं लागतं.

हा एक्सेलमधला दोष आहे, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात एक्सेल इथे आपला नियम काटेकोर पाळत असतं. तो नियम कळला की उपाय सोपा होतोच. शिवाय उपाय केल्यावर जी दुसरी गोष्ट बिघडल्यासारखी दिसते, तिचाही उलगडा होतो.

मोजणी कुठून सुरू होते

तक्ता हा लिहिलेल्या पानाचा भाऊ. पहिली ओळ वर, दुसरी तिच्याखाली. एक्सेलची पहिली ओळही पडद्याच्या वरच्या टोकाला असते आणि ओळींचे क्रमांक खाली वाढत जातात.

आलेखाचं मूळ भूमितीत आहे. शाळेत आलेखकागदावर दोन अक्ष काढले, ते आठवा. ते जिथे छेदतात तो आरंभबिंदू. पहिल्या चरणात हा बिंदू डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात येतो. तिथून उजवीकडे जावं तसा X वाढतो आणि वर जावं तसा Y वाढतो. आलेखात खालून वर मोजणं हीच सरळ दिशा. इमारतीचे मजले मोजतो तसंच हे आहे: पहिला मजला जमिनीजवळ, सातवा वर.

एक्सेलच्या प्रत्येक स्तंभालेखात दोन अक्ष असतात. एकावर आकडे असतात, दुसऱ्यावर नावं. एक्सेल त्यांना ‘Value Axis’ आणि ‘Category Axis’ म्हणतं. आपण त्यांना आकड्यांचा अक्ष आणि नावांचा अक्ष म्हणू. नावांना स्वतःची किंमत नसते, म्हणून एक्सेल त्यांना तक्त्यातल्या जागेप्रमाणे क्रमांक देतं. ठाणे १, पुणे २, असं करत सोलापूर ७. मग हे क्रमांक आकड्यांसारखेच अक्षावर मांडले जातात: १ आरंभबिंदूच्या सर्वांत जवळ, ७ सर्वांत लांब.

उभ्या स्तंभांच्या आलेखात नावांचा अक्ष आडवा असतो. आरंभबिंदू डावीकडे, म्हणून ठाणे डावीकडे आणि सोलापूर उजवीकडे. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे काही खटकत नाही. आडव्या पट्ट्यांच्या आलेखात हाच अक्ष उभा राहतो. आरंभबिंदू मात्र आहे तिथेच, डाव्या तळाला. साहजिकच क्रमांक १ तळाशी येतो आणि क्रमांक ७ वर जातो. नियम एकच आहे. पहिल्या आलेखात तो आपल्या वाचण्याच्या दिशेशी जुळतो आणि दुसऱ्यात तिच्या विरुद्ध जातो.

हा हट्ट एकट्या एक्सेलचा नाही. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही पहिलं नाव तळाला येतं. पायथन वापरणाऱ्यांच्या मॅटप्लॉटलिबमध्येही तसंच. गूगल शीट्सनं मात्र पानाची बाजू घेतली आहे. तिथे आडव्या आलेखात तक्त्याची पहिली ओळ आपोआप वर येते. त्यामुळे एकच तक्ता दोन ठिकाणी उघडला की गोंधळ आणखी वाढतो.

कागद फिरवून पाहा

आडवा आलेख म्हणजे उभा आलेख फिरवलेला, अशी आपली समजूत असते. ती तपासायला एक कागद पुरे. त्यावर उभे सात स्तंभ काढा: डावीकडे ठाणे, उजव्या टोकाला सोलापूर, डाव्या कडेला आकड्यांचा उभा अक्ष. आता कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पाव फेरा फिरवा. जे वर जात होते ते स्तंभ आता उजवीकडे धावतात. जी नावं तळाशी होती ती डाव्या कडेला आली. डावीकडचं ठाणे आता सर्वांत वर आहे आणि सोलापूर तळाला. आपल्याला हवा होता तो क्रम हाच.

पण त्याच फेऱ्यात आणखी एक गोष्ट झाली. आकड्यांचा जो अक्ष डाव्या कडेला होता, तो आता वरच्या कडेला गेला. आरंभबिंदूही डाव्या तळातून निघून डाव्या वरच्या कोपऱ्यात पोचला.

एक्सेल असा फेरा मारत नाही. ते दोन अक्षांची अदलाबदल करतं. आडवा होता तो उभा, उभा होता तो आडवा, आणि आरंभबिंदूला कोणी हात लावत नाही. डाव्या तळातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरक्या रेषेवर आरसा धरला, तर त्यात जे दिसेल ते एक्सेलचं चित्र. आपलं मन कागद फिरवतं, एक्सेल आरसा धरतं. यादी उलटी दिसते ती या दोन क्रियांतल्या फरकामुळे.

एक खूण

आता उपाय. आलेखाच्या डाव्या कडेला जी नावं आहेत, त्यांतल्या कुठल्याही एका नावावर क्लिक करा. सातही नावांभोवती मिळून एक चौकट दिसली पाहिजे. ती दिसली म्हणजे नावांचा अक्ष निवडला गेला. मग कीबोर्डवर Ctrl+1 दाबा. मॅकवर Cmd+1. उजव्या बाजूला ‘Format Axis’ नावाचा पट्टा उघडतो. २०१०च्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीत पट्ट्याऐवजी वेगळी खिडकी येते, पण तिच्यातला पर्याय याच नावाचा असतो.

या पट्ट्यात ‘Axis Options’ हा भाग उघडा आणि ‘Categories in reverse order’ समोरच्या चौकटीत खूण करा. त्याच क्षणी यादी उलटते. ठाणे वर, त्याखाली पुणे, तळाला सोलापूर. तक्ता आणि आलेख आता एकाच दिशेनं वाचता येतात.

हे करताना एक चूक सहज होते, ती म्हणजे नावांऐवजी खालच्या आकड्यांवर क्लिक होणं. उघडणाऱ्या पट्ट्याचं नाव तेच असतं, म्हणून फरक लगेच लक्षात येत नाही. ओळखायची खूण अशी: पट्ट्यात ‘Minimum’ आणि ‘Maximum’ अशा आकड्यांच्या चौकटी दिसल्या आणि तळाचा पर्याय ‘Values in reverse order’ असा असला, तर तुम्ही आकड्यांच्या अक्षावर आहात. तिथे खूण केली तर नावांचा क्रम तसाच राहतो, पण सगळे पट्टे उजव्या कडेपासून डावीकडे वाढू लागतात आणि नावं उजवीकडे जाऊन बसतात. तसं दिसलं तर खूण काढा, पट्टा बंद करा आणि या वेळी नावावर क्लिक करा.

आकडे वर का गेले

योग्य अक्षावर खूण केली, यादी सुलट झाली, आणि तरी मन पूर्ण भरत नाही. कारण ० पासून १२० पर्यंतचे जे आकडे पट्ट्यांखाली होते, ते उडी मारून वर गेलेले असतात. पुष्कळ जण इथे घाबरतात आणि खूण पुन्हा काढून टाकतात.

कागद फिरवून पाहिला असेल तर हे कोडं आधीच सुटलेलं आहे. आकड्यांचा अक्ष हा नावांच्या अक्षाला आरंभबिंदूपाशी, म्हणजे क्रमांक १ च्या बाजूनं छेदतो. क्रमांक १ वर गेला, त्याच्याबरोबर आकड्यांचा अक्षही वर गेला. तुमच्या खुणेनं फक्त नावं उलटली नाहीत. तिनं आरंभबिंदूच डाव्या तळातून डाव्या वरच्या कोपऱ्यात नेला. कागदाच्या पाव फेऱ्याचं जे चित्र होतं, ते आता पूर्ण झालं.

आकडे पुन्हा खाली हवे असतील, तर त्याच पट्ट्यात थोडं वर पाहा. ‘Horizontal axis crosses’ या शीर्षकाखाली तीन पर्याय आहेत: ‘Automatic’, ‘At category number’ आणि ‘At maximum category’. यातला शेवटचा निवडा. आकडे खाली येतात, नावांचा क्रम जागेवर राहतो.

आडवा अक्ष हलवायचा आणि त्याचा पर्याय उभ्या अक्षाच्या पट्ट्यात, हे आधी विचित्र वाटतं. पण हा पर्याय खरं तर उभ्या अक्षाला विचारलेला प्रश्न आहे: दुसरा अक्ष तुला कुठे छेदतो? ‘Automatic’ म्हणजे क्रमांक १ पाशी. ‘At maximum category’ म्हणजे शेवटच्या क्रमांकापलीकडे. आपण क्रम उलटवला आहे, म्हणून शेवटचा क्रमांक आता तळाला आहे आणि अक्षही तळाला येतो.

मधल्या पर्यायात स्वतः ७ लिहावं, असा मोह होतो. तसं केल्यास अक्ष सोलापूरच्या खाली जात नाही, तो अहमदनगर आणि सोलापूर यांच्या मध्ये अडकतो. एक्सेल दिलेल्या क्रमांकाच्या अलीकडच्या कडेला छेद देतं, पलीकडच्या नाही. शिवाय उद्या तक्त्यात आठवा जिल्हा आला, तर लिहिलेला आकडा जुनाच राहील. ‘At maximum category’ मात्र जिल्हे वाढले तरी तळ सोडत नाही.

याच कामाची दुसरीही वाट आहे. या वेळी मुद्दाम आकड्यांवर क्लिक करा, Ctrl+1 दाबा, ‘Labels’ हा भाग उघडा आणि ‘Label Position’ मध्ये ‘High’ निवडा. ‘High’ वाचून आकडे आणखी वर जातील असं वाटतं, पण ते खाली येतात. इथला ‘High’ पडद्यावरच्या उंचीचा नाही, तो नावांच्या मोठ्या क्रमांकांचा आहे, आणि मोठे क्रमांक आता तळाशी आहेत. या वाटेनं फक्त आकड्यांची अक्षरं खाली येतात, अक्षाची रेषा वरच राहते. रेषा दिसत नसेल, तर दोन्ही वाटांचं चित्र जवळजवळ सारखंच दिसतं.

तिसरा मार्ग सर्वांत सुटसुटीत, पण तो प्रत्येक ठिकाणी चालत नाही. सातच पट्टे असतील तर प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला त्याचा आकडा लिहून टाका. आलेख निवडल्यावर शेजारी जे अधिकचं चिन्ह येतं, त्यात ‘Data Labels’ मिळतं. मग आकड्यांचा अक्ष निवडून सरळ Delete दाबा. अक्षच उरला नाही, तर तो वर गेला की खाली याची चिंता कशाला? पट्टे तीस-चाळीस असले की मात्र आकड्यांची गर्दी होते. तिथे अक्ष ठेवणंच बरं.

ज्यानं काम होत नाही

‘Chart Design’ मध्ये ‘Switch Row/Column’ हे बटण समोरच असतं, म्हणून हात तिकडे जातो. त्याचं काम वेगळं आहे. ते ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करतं. आपल्या उदाहरणात ते दाबलं, तर सात जिल्हे सात वेगवेगळ्या रंगांचे पट्टे होतील आणि डावीकडे एकच नाव उरेल: लोकसंख्या. ‘Select Data’ या खिडकीतले वर-खाली बाणही इथे उपयोगाचे नाहीत. ते आकड्यांच्या मालिका मागेपुढे करतात, नावांची ओळ नाही.

याहून घातक प्रकार म्हणजे तक्त्यातली फक्त नावं उलट लावणं. A स्तंभातली नावं निवडून क्रम लावायला गेलं, की एक्सेल ‘Sort Warning’ अशी सूचना दाखवतं आणि विचारतं की शेजारचे आकडेही सोबत घ्यायचे का. ‘Expand the selection’ निवडलं तर ओळी अखंड राहतात. ‘Continue with the current selection’ निवडलं तर नावं हलतात आणि आकडे जागच्या जागी राहतात. मग आलेखात कुठल्याही जिल्ह्यासमोर कुणाचाही आकडा येतो. आलेख नीटनेटका दिसतो आणि पूर्ण खोटा असतो. तो ओळखायचा कसा? क्रम खरोखर बदलला असेल तर नावाबरोबर त्याचा पट्टाही जागा बदलतो. नावं हलली आणि पट्ट्यांची रचना जशीच्या तशी राहिली, तर लगेच Ctrl+Z दाबा.

एका जिल्ह्याचे दोन पट्टे

आता तक्त्यात आणखी एक स्तंभ वाढवू. २००१च्या जनगणनेत ठाणे ८१.३ लाखांवर होतं, पुणे ७२.३ लाखांवर, मुंबई उपनगर ८६.४ लाखांवर आणि नाशिक ४९.९ लाखांवर. म्हणजे तेव्हा पहिलं स्थान मुंबई उपनगरचं होतं आणि दहा वर्षांत ठाण्यानं, पाठोपाठ पुण्यानं, त्याला मागे टाकलं. हे दाखवायला प्रत्येक जिल्ह्यासमोर दोन पट्टे हवेत. शाळेच्या पुस्तकात याला जोडस्तंभालेख म्हणतात.

तक्त्यात २००१चा स्तंभ आधी आणि २०११चा नंतर ठेवला, तरी आडव्या आलेखात प्रत्येक जोडीत २००१ खाली आणि २०११ वर येतं. कारण तेच: जोडीतला पहिला पट्टाही आरंभबिंदूकडच्या बाजूला बसतो. आलेखाखाली रंगांची सूची असते तिच्यात मात्र डावीकडून आधी २००१, मग २०११ असं लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला प्रत्येक जोडीत रंग पुन्हा पुन्हा ताडून पाहावे लागतात.

इथे वेगळं काही करायचं नाही. ‘Categories in reverse order’ ची ती एकच खूण जिल्ह्यांचा क्रम उलटवते आणि प्रत्येक जोडीतले पट्टेही उलटवते, कारण तिनं अख्खा अक्ष उलटवलेला असतो. २००१ वर येतं, २०११ त्याखाली, आणि काळ वरून खाली वाहू लागतो. विभाजित स्तंभालेखात, म्हणजे एकाच पट्ट्यात तुकडे पुढे पुढे जोडले असतील तेव्हा, हे तुकडे आकड्यांच्या अक्षाच्या दिशेनं रचलेले असतात. नावांचा अक्ष उलटल्यानं त्यांचा डावा-उजवा क्रम बदलत नाही.

तक्ताच उलटा लावला तर

आलेखाला हात न लावता तक्ता उलटवण्याची वाटही आहे. लोकसंख्येच्या स्तंभातल्या एका आकड्यावर क्लिक करून ‘Data’ मधून ‘Sort Smallest to Largest’ निवडायचं. सोलापूर दुसऱ्या ओळीत येतं, ठाणे आठव्या, आणि आलेखात ठाणे आपोआप वर जातं. आकड्यांचा अक्षही तळाशीच राहतो, त्यामुळे दुसरं काही सावरावं लागत नाही. तक्ता कुणाला दाखवायचा नसेल, तर ही वाट सर्वांत जलद.

तक्ता आणि आलेख शेजारी छापायचे असतील, तर मूळ अडचण आता उलट बाजूनं उभी राहते: आलेख सुलट, तक्ता उलटा. अशा वेळी मूळ तक्ता तसाच ठेवून बाजूला त्याची क्रम लावलेली प्रत करता येते. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये D2 या घरात हे सूत्र लिहा:

```
=SORTBY(A2:B8,B2:B8,1)
```

शेवटचा 1 म्हणजे लहानाकडून मोठ्याकडे. D आणि E स्तंभांत सात ओळी आपोआप भरतात. आलेख त्यांच्यावरून काढायचा. मूळ तक्त्यातला आकडा बदलला की प्रतीतला क्रम बदलतो आणि आलेखातलाही. अक्षावर उलट क्रमाची खूण केलेली असेल, तर 1 च्या जागी -1 लिहा. दोन्हीपैकी एकच उपाय करायचा, हे ध्यानात ठेवा. तक्ताही उलटा लावला आणि अक्षावर खूणही केली, तर दोन उलट मिळून सुलट होतं आणि ठाणे पुन्हा तळाला जातं.

हेच आलेख दर महिन्याला काढावे लागत असतील, तर एकदा नीट जमलेल्या आलेखावर उजवं क्लिक करून ‘Save as Template’ निवडा. अक्षाचे दोन्ही बदल त्यात जपले जातात. पुढच्या वेळी ‘Insert Chart’ च्या खिडकीत ‘All Charts’ खाली ‘Templates’ मध्ये तो साचा मिळतो.

नावांच्या जागी तारखा असतील तर

एका ठिकाणी मात्र तक्ता उलटवण्याचा उपाय मुळीच लागू पडत नाही. डावीकडच्या स्तंभात जिल्ह्यांऐवजी खऱ्या तारखा असतील, उदाहरणार्थ जूनमधल्या रोजच्या पावसाची नोंद, तर एक्सेल त्या ओळखतं आणि नावांच्या अक्षाचा तारखांचा अक्ष करून टाकतं. मग ते ओळींचे क्रमांक पाहतच नाही. तक्ता कसाही लावा, सर्वांत जुनी तारीख आरंभबिंदूजवळ, म्हणजे तळालाच येते. पट्ट्यातला तो पर्यायही इथे ‘Dates in reverse order’ असा दिसतो. हीच तारखांच्या अक्षाची खूण.

जुनी तारीख वर हवी असेल, तर त्याच पर्यायावर खूण करा. एखाद्या दिवसाची नोंद नसेल तर तारखांचा अक्ष त्या दिवसाची जागा रिकामी सोडतो. ती नको असेल, तर ‘Axis Type’ मध्ये ‘Text axis’ निवडा. तारखा मग साध्या नावांसारख्या वागतात आणि तक्त्यातला क्रम पुन्हा चालू होतो.

केव्हा उलटवू नये

खूण करायची सवय लागली की ती प्रत्येक आलेखावर पडू लागते, आणि काही आलेखांना ती मारक ठरते. सर्वांत ठळक उदाहरण जनगणनेतलंच आहे. वयोगटांप्रमाणे स्त्री-पुरुषांची संख्या दाखवणारा लोकसंख्येचा मनोरा आडव्या पट्ट्यांचाच असतो. त्याच्या तक्त्यात पहिली ओळ ० ते ४ वर्षांची, दुसरी ५ ते ९ वर्षांची, आणि शेवटची सर्वांत वृद्धांची. मनोऱ्यात मुलं पायाशी आणि वृद्ध शिखराशी असतात. जगभर तो असाच वाचला जातो; रुंद पाया म्हणजे जन्म जास्त, आकसलेला पाया म्हणजे जन्म कमी होत चाललेले. एक्सेलचा मूळ क्रम इथे हवा तसाच आहे. उलटवला, तर मनोरा शेंड्यावर उभा राहील.

कामाच्या वेळापत्रकाचा आलेख, ज्याला गॅंट चार्ट म्हणतात, त्यात अर्धाच उपाय करायचा असतो. पहिलं काम वर यावं म्हणून उलट क्रमाची खूण करायची, पण तारखांचा अक्ष वर गेला की त्याला तिथेच राहू द्यायचं. लांबलचक वेळापत्रकात तारखा वर असणंच सोयीचं. वाचणारा आधी तारीख पाहतो, मग खाली उतरतो.

मोठा पट्टा वरच हवा, असाही काही कायदा नाही. स्तंभालेखाचा आद्य नमुना मानला जाणारा विल्यम प्लेफेअरचा १७८६ मधला आलेख आडव्याच पट्ट्यांचा आहे. स्कॉटलंडचा १७ ठिकाणांशी वर्षभरात झालेला व्यापार त्यात आहे. तिथे मोठ्या व्यापाराचं आयर्लंड तळाला आहे आणि किरकोळ व्यापाराचं जर्सी वर.

म्हणून खूण करण्याआधी एवढंच पाहायचं की आपल्या यादीची सुरुवात कुठे अपेक्षित आहे. ती वाचायची यादी असेल, जशी जिल्ह्यांची, पदार्थांची, प्रश्नावलीतल्या उत्तरांची, तर पहिली ओळ वर न्या आणि आकड्यांचा अक्ष खाली आणा. ती पायापासून रचत जाणारी गोष्ट असेल, जसे वयोगट किंवा उंचीचे टप्पे, तर एक्सेलनं जिथे ठेवलं आहे तिथेच राहू द्या.